थ्री ऑफ स्वोर्ड्स आलंय, बहिणीला कसं सांगू?

प्रश्न: ताई, माझी मावसबहीण मिरजेला असते. दिवाळीत तिचा साखरपुडा झाला, मुलगा पुण्यात नोकरीला आहे. हल्ली त्याचे फोन कमी झालेत म्हणून तिनं स्वतःच पाच कार्डं काढली आणि फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला, कारण आमच्यात टॅरो थोडंफार मलाच येतं. ‘मी’ – टू ऑफ स्वोर्ड्स. ‘तो’ – नाईट ऑफ पेंटॅकल्स. ‘आमच्या दोघांच्या मध्ये काय आहे’ – थ्री ऑफ स्वोर्ड्स. ‘मी काय करू’ – क्वीन ऑफ स्वोर्ड्स. ‘पुढे काय’ – सिक्स ऑफ स्वोर्ड्स. खाली लिहिलंय, ‘त्याचं दुसरीकडे काही आहे का, खरं सांग.’ दोन दिवस झाले, मी ‘बघते गं’ म्हणून टाळतेय. खोटं बोलायचं नाही आणि तिला रडवायचंही नाही. ते तिसरं कार्ड कसं सांगू? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर:

फोन करा, आणि आजच करा. तुमचं दोन दिवसांचं ‘बघते गं’ तिनं एव्हाना वाचून टाकलंय आणि त्याचा अर्थ तुम्ही काही सांगण्याआधीच वाईट लावलाय. लाल काळजात घुसलेल्या तीन तलवारी तिलाही दिसतातच. त्यामुळे बातमी तुमच्याकडून पहिल्यांदा कळणार आहे असं समजू नका. तिला अर्थापेक्षा तुमचा आवाज ऐकायचाय. लिहून पाठवू नका, व्हॉइस नोट तर नकोच. लिहिलेलं वाक्य ती रात्री एक वाजता पुन्हा उघडते, त्यातला एकच शब्द धरून बसते, नाहीतर स्क्रीनशॉट काढून मैत्रिणीला पाठवते. फोनवर ती कुठं थांबली, कुठं श्वास अडकला ते कळतं आणि तिथं तुम्हालाही थांबता येतं. सांगली-मिरज काय लांब आहे? जमलं तर सरळ जाऊनच या.

पण कार्डाकडे वळण्याआधी फोटोबद्दल काही गोष्टी विचारून घ्या. दुसऱ्यानं मांडलेला स्प्रेड वाचताना निम्म्या चुका इथंच होतात, कारण कार्डं कुणी, कशी आणि कधी काढली हे आपण बघितलेलं नसतं.

पहिलं म्हणजे जागांची नावं कार्डं काढायच्या आधी ठरवली होती का? घरी एकट्यानं बसून काढणारी बरीच मंडळी आधी पाच कार्डं ओढतात, मग त्यांच्याकडे बघत जागा ठरवतात. तसं झालं असेल तर ‘आमच्या मध्ये’ हे नाव भीतीनं दिलेलं आहे. ते कार्ड तिथं पडलेलं नाही, ठेवलेलं आहे. मग तो स्प्रेड बाजूला ठेवलेला बरा.

दुसरं, त्या दिवशी हा कितवा स्प्रेड होता? आधी दोनदा काढून बघितलं, मनासारखं आलं नाही, मग तिसऱ्यांदा काढलं आणि त्यातला सगळ्यात भीतीदायक तुम्हाला पाठवला, असं फार वेळा घडतं. तसं असेल तर जो पहिला होता तो मागवा.

तिसरं सुलट-उलटाचं. फोटोत कार्ड कसं दिसतं त्यावर जाऊ नका, फोन कुठल्या बाजूनं धरला होता कुणास ठाऊक. तिला विचारा, ‘तू बसली होतीस तिथून तलवारींच्या मुठी वर दिसत होत्या की खाली?’ मुठी वर, टोकं खाली म्हणजे सुलट. आणि कार्ड पालथं होतं ते उघडताना पुस्तकाचं पान उलटल्यासारखं बाजूनं उघडलं की खालची कड धरून वर उलटवलं, हेही विचारा. खालून वर उलटवलं की सुलट असलेलं कार्ड आपोआप उलटं होतं. उलट्या कार्डांचा वेगळा अर्थ धरायचा की नाही हे मात्र कार्डं काढण्याआधीच ठरलेलं असलं पाहिजे. तीन तलवारी बघितल्यावर ‘उलटं असेल तर बरं’ म्हणून शोधाशोध करणं हा टाळण्याचाच एक प्रकार. ती नेहमी सगळी कार्डं सुलटच धरत असेल तर हेही सुलटच धरा.

आणि चौथं, कार्डं काढताना तोंडात कुठला प्रश्न होता? ‘त्याचं दुसरीकडे काही आहे का’ हे तिनं फोटोखाली लिहिलंय, म्हणजे कार्ड बघून झाल्यावर. स्प्रेडमधली जागा विचारते की दोघांच्या मध्ये काय आहे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि तुम्हाला उत्तर द्यायचंय ते जागेच्या प्रश्नाचं.

आता कार्ड. १९०९ साली लंडनला निघालेला वेट यांचा डेक, ज्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली, तोच किंवा त्यावर बेतलेला डेक तुमच्या बहिणीकडे असणार असं मी धरते, कारण आपल्याकडे ऑनलाइन मागवलेले बहुतेक डेक तेच असतात. ते कार्ड हातात घ्या आणि अर्थ बाजूला ठेवून नुसतं बघा. राखाडी ढग, तिरका पाऊस, मध्ये लाल काळीज, त्यात तीन तलवारी. काळीज फाटलेलं नाही. रक्ताचा थेंब नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणूस नाही. मायनरच्या ५६ कार्डांत एक्के सोडले, ज्यांत ढगातून नुसता हात येतो, तर माणूसच नसलेली कार्डं दोन: एट ऑफ वाँड्स आणि हे. बाकी सगळीकडे कुणी ना कुणी उभं असतं, बसलेलं असतं, पाठ फिरवून चाललेलं असतं. इथं तलवारी कुणी खुपसल्या ते दाखवलेलंच नाही. काळीज कुणाचं तेही नाही.

म्हणून ‘तीन तलवारी म्हणजे तिसरी व्यक्ती’ हा जो सोपा अर्थ सगळीकडे फिरतो, तो मी लव्ह रीडिंगमध्ये वापरत नाही. तीन या आकड्यावरून तो ओढून आणलेला आहे. तसं म्हटलं तर थ्री ऑफ कप्समध्येही तिघीजणी आहेत, तिथं आपण मैत्रिणींची मजा म्हणतो. खुद्द वेट यांनी या कार्डाचे अर्थ दिलेत ते असे: दूर जाणं, गैरहजेरी, उशीर, दुफळी, तुटणं, विखुरणं. मुलगा पुण्यात, फोन कमी झालेले, मुलगी मिरजेत वाट बघतेय. गैरहजेरी आणि उशीर हे दोन शब्द तिथं इतके सरळ बसतात की दुसरी बाई शोधायला जायची गरजच पडत नाही. दुसरी बाई नाहीच, असं यातून सिद्ध होतं का? नाही. ते या कार्डावर लिहिलेलं नाही, एवढंच. आणि हे ‘एवढंच’ तिला सांगणं तुमच्या कामाचा मोठा भाग आहे.

आता शेजारची कार्डं बघा, कारण कठीण कार्ड एकटं वाचलं की ते आहे त्याहून मोठं होतं. पाचांत चार तलवारी आल्यात. तलवारी म्हणजे विचार, बोलणं, निर्णय. कप्स एकही नाही. इथं नवशिक्या माणसाच्या तोंडून हमखास निघणारं वाक्य म्हणजे ‘कप्स नाहीत, म्हणजे प्रेमच नाही.’ कृपा करून हे बोलू नका. कप्स नसणं याचा अर्थ एवढाच, की सध्याची अडचण भावनेच्या घरातली नाही, बोलण्याच्या घरातली आहे. तिला तो आवडतो की नाही हे स्प्रेड विचारतच नाहीये. काय बोललं गेलं, काय बोललं गेलं नाही आणि कोण काय गृहीत धरून बसलंय, हे विचारतोय.

टू ऑफ स्वोर्ड्समधली बाई डोळ्यांवर पट्टी बांधून, छातीवर दोन तलवारींची फुली धरून बसलीय. ही तुमची बहीण. तिला विचारायचंय आणि विचारायचं नाहीये. नाईट ऑफ पेंटॅकल्स म्हणजे तो. चार नाईट्सपैकी तिघांचे घोडे कमी-जास्त हलतात, याचाच तेवढा जागेवर उभा आहे, मागे नांगरलेलं रान. सावकाश, जबाबदार, कामात बुडालेला आणि बोलण्यात कंजूष. याला मी फसवणाऱ्याचं कार्ड म्हणणार नाही, पण ‘बघ, तो किती चांगला आहे’ असंही म्हणणार नाही. जो मुलगा तिथं बसलेलाच नाही त्याच्या मनाची ग्वाही आपण देऊ नये, चांगली नाही आणि वाईटही नाही. ‘तो’ या जागेवरचं कार्ड तिला तो आत्ता कसा दिसतोय हे सांगतं, असं मी धरते आणि तसंच समोरच्याला सांगतेही.

आता प्रत्यक्ष बोलणं. क्रम असा ठेवा: जागा, चित्र, अर्थ एका वाक्यात, मग गप्प. पहिल्या दोन मिनिटांत थ्री ऑफ स्वोर्ड्सवर या. एकापासून पाचापर्यंत ओळीनं जात बसलात तर पहिल्या दोन कार्डांचं ती काही ऐकणार नाही, तिचं सगळं लक्ष तिसऱ्यावर असणार. असं काहीसं म्हणता येईल:

‘बघ, दोन दिवस मी टाळत होते, कारण तिसरं कार्ड कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. आधी तेच बोलूया. तुम्हा दोघांच्या मध्ये काय आहे त्या जागेवर ते आलंय. चित्र तुझ्यासमोर आहे. तुला त्यात आधी काय दिसलं?’

हा प्रश्न खरोखर विचारा आणि उत्तर येऊ द्या. समजा ती म्हणाली, ‘तलवारी, अजून काय,’ तर तिला लागलेलं आहे आणि ते ताजं आहे. ‘पाऊस’ म्हणाली, तर एकटेपणा बोलतोय. काही जणी ‘तिघंजण’ म्हणतात, तेव्हा कळतं की संशय कार्डाच्या आधीपासून मनात होता आणि कार्डानं फक्त त्याला चेहरा दिला. उत्तर कुठलंही आलं तरी पुढचं वाक्य सरळ म्हणा: ‘हे दुखण्याचं कार्ड आहे. तुमच्या दोघांत काहीतरी लागलेलं आहे आणि ते तुला जाणवतंय, ते तुझ्या मनाचे खेळ नाहीत.’

आणि थांबा. दहा सेकंद, पंधरा सेकंद. रडली तर रडू द्या. ‘रडू नको गं’ म्हणून मध्ये पडू नका. तिला रडवायचं नाही असं तुम्ही लिहिलंय, पण या वाक्यावर येणारं रडू बहुतेक वेळा सुटकेचं असतं. घरात सगळे ‘अगं, कामात असेल तो’ म्हणत असताना पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की तुला वाटतंय ते खरं आहे.

इथं तीन वाक्यं जिभेवर येतील, ती गिळा. एक, ‘काळजी करू नकोस, सगळं छान होईल.’ हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि तुम्हाला ठाऊक नाही हे तिलाही कळतं. दुसरं, ‘हे कार्ड खरं तर चांगलं असतं, यातून माणूस शिकतो.’ माणसाला लागलेलं असताना त्याला धडा दाखवू नये. शिकली असेल तर सहा महिन्यांनी तीच सांगेल. तिसरं सगळ्यात वाईट, कारण ते काळजीच्या सुरात येतं: ‘मला कार्डात अजून काहीतरी दिसतंय, पण जाऊ दे.’ एवढ्या एका वाक्यानं मुलीची महिनाभराची झोप जाते.

ती सावरली की अर्थाची हद्द सांगा. ‘कुणी कुणाला लावलं हे यात नाही. माणूसच नाहीये चित्रात, बघ. दूर असणं, उशीर, मध्ये अंतर पडणं, हे या कार्डाचे जुने अर्थ आहेत.’ त्यावर ती नक्की विचारेल, ‘म्हणजे दुसरी कुणी आहे की नाही ते सांग की.’ तयार राहा. माझं ठरलेलं उत्तर असं: ‘ते कार्डांवरून मी सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलं तरी तू विश्वास ठेवू नकोस. तुला हा संशय कशावरून आला ते मात्र मला सांग.’ हा प्रश्न रीडिंगला जमिनीवर आणतो. मग खरी माहिती बाहेर येते: फोन नेमके कधीपासून कमी झाले, त्याच्या आधी काय बोलणं झालं होतं. कधी लग्नानंतर राहायचं कुठं यावरून वाजलेलं असतं, कधी त्याच्या आईनं देण्याघेण्यावरून काही टाकून बोललेलं असतं आणि तो मध्ये गप्प बसलेला असतो. तुमच्या बहिणीचं काय आहे ते मी इथून सांगू शकत नाही. पण चार तलवारी आल्यावर मी आधी कुठलं तरी वाक्य शोधते, बाई नंतर. आणि ती म्हणाली, ‘मी त्याच्या फोनवर अमुक मेसेज बघितला,’ तर कार्डं बाजूला ठेवा. जे डोळ्यांनी दिसलंय त्याच्यावर कार्डाचा अर्थ चढवून ते मोठं किंवा लहान करायचं नाही.

मग चौथ्या कार्डावर या आणि इथं वेळ घ्या, कारण या स्प्रेडमधली माया या कार्डात आहे. क्वीन ऑफ स्वोर्ड्स एका हातात तलवार सरळ उभी धरते आणि दुसरा हात पुढे करते, ये, बोल, अशा अर्थानं. टू ऑफ स्वोर्ड्समधली मुलगी आणि ही राणी शेजारी ठेवून दाखवा. तलवार दोघींच्याही हातात आहे, एकीच्या डोळ्यांवर पट्टी आहे, दुसरी समोर बघतेय. जागा आहे ‘मी काय करू’. म्हणजे विचार. भांडायला नको, पाळत ठेवायला नको, मैत्रिणीकडून त्याचं इन्स्टाग्राम तपासून घ्यायला नको. एक वाक्य तिच्याच तोंडून तयार करून घ्या, उदाहरणार्थ, ‘गेल्या महिन्यापासून तुझे फोन कमी झालेत, मला त्याचा त्रास होतोय, काय झालंय ते मला सांग.’ त्यात आरोप नाही आणि लाडीगोडी नाही. वाक्य तिचं असू द्या, तुम्ही फक्त त्यातला टोमणा काढा.

पाचव्या कार्डाबद्दल जपून. सिक्स ऑफ स्वोर्ड्समध्ये नावाडी नाव ढकलतोय, नावेत शाल घेतलेली बाई आणि एक मूल, पुढे सहा तलवारी नावेत उभ्या. जवळचं पाणी लाटांचं, पलीकडचं शांत. आपण ते ‘त्रासातून बाहेर पडणं’ म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे, पण लव्ह रीडिंगमध्ये ऐकणारीला त्यातून दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येऊ शकतात. एक, सगळं मिटणार. दुसरी, त्याला सोडून निघून जायचं. नावेत माणसं कोण कोण आहेत हे कार्ड सांगत नाही. तलवारीही नावेतच आहेत, कुणी त्या नदीत टाकलेल्या नाहीत. मी म्हणेन, ‘इथून पुढचं पाणी आत्तापेक्षा शांत दिसतंय, पण जे झालंय ते बरोबर घेऊनच जावं लागेल.’ दोघं मिळून की एकटी, हे तिच्या त्या फोननंतर ठरेल. ‘किती दिवसांत?’ असं विचारलं तर तारीख देऊ नका.

इथं आपल्याकडची एक खास अडचण आहे. आपली माणसं टॅरोला येताना पत्रिकेचे कान घेऊन येतात. लग्न म्हटलं की छत्तीसपैकी किती गुण जुळले, मंगळ आहे का, योग आहे की नाही, असंच ऐकायची सवय असते. तुम्ही म्हणता ‘मध्ये दुखणं आहे’ आणि तिला ऐकू येतं ‘योग नाही’. म्हणून बोलताना योग, दोष, नशिबात, लिहिलेलं हे शब्द काटेकोरपणे टाळा आणि शेवटी तिलाच विचारा, ‘तुला काय कळलं ते तुझ्या शब्दांत सांग.’ ती म्हणाली, ‘म्हणजे हे लग्न टिकणार नाही,’ तर तुमचं सांगणं पोचलेलं नाही. तिसऱ्या कार्डाची जागा पुन्हा वाचून दाखवा: ‘मध्ये काय आहे’. पुढचं भाकीत त्या जागेचं कामच नाही. साखरपुडा मोडायचा की ठेवायचा हे पाच कार्डांवर ठरवू नये, हेही तिला स्पष्ट सांगा.

फोन ठेवायच्या आधी ती बहुधा म्हणेल, ‘अजून एक कार्ड काढू का, क्लॅरिफायर?’ या स्प्रेडवर नको. तिसरं कार्ड अस्पष्ट नाही, नावडतं आहे, आणि नावडत्यावर क्लॅरिफायर काढला की डेव्हिल किंवा टॉवर निघेपर्यंत माणूस थांबत नाही. तिला सांगा, त्याच्याशी बोलणं होईपर्यंत डेक डब्यात. बोलणं झाल्यावर काढायचंच असेल तर नवा प्रश्न, नवा स्प्रेड. आणि तोवर ती रोज रात्री वेगवेगळ्या लोकांना तोच फोटो पाठवतेय असं दिसलं, तर कार्डांवर बोलणं बंद करून नुसतं बहीण म्हणून तिच्याजवळ जाऊन बसा.

राहिली मावशी. हे नात्यातलं रीडिंग आहे, त्यामुळे ‘काय गं, काय निघालं?’ असं मावशी तुम्हाला विचारणारच. रीडिंग बहिणीचं आहे. ‘तिलाच विचार’ एवढं म्हणा आणि विषय बदला. थ्री ऑफ स्वोर्ड्स हे नाव तुमच्या तोंडून स्वयंपाकघरात पोचलं, तर दुसऱ्या दिवशी ते मुलाच्या घरी पोचेल, तेही ‘कार्डात बाई निघाली’ या रूपात.